माल परत गेला, डेबिट नोट निघाली. पण कर कधी कमी होतो?

माल नापास झाला की कारखान्यात हालचाल वेगाने होते. क्वालिटीवाला लाल टॅग लावतो, स्टोअरवाला नग मोजून टेम्पोत चढवतो, अकाउंट्सवाला डेबिट नोट काढून पुरवठादाराच्या खात्यातून रक्कम वजा करतो आणि विषय संपला असे सगळे धरून चालतात. पैशाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी संपलेला असतो. कराच्या बाबतीत मात्र तो अजून सुरूही झालेला नसतो.

केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३४ वाचले तर कारण कळते. माल परत आला किंवा सदोष निघाला, तर मूळ बिलावरचा कर कमी करण्यासाठी क्रेडिट नोट काढायची असते आणि ती काढायची पुरवठादाराने. याच कलमात डेबिट नोटही आहे, पण तीसुद्धा पुरवठादाराचीच. बिलात कर कमी लागला असेल तर तो वाढवण्यासाठी. खरेदीदार माल परत करताना जी डेबिट नोट काढतो तिला या कलमात जागा नाही. ती तुमच्या हिशेबाचा आणि व्यवहाराचा कागद आहे. ‘एवढा माल परत पाठवला, एवढे पैसे देणार नाही’ हे ती सांगते. तुमच्या इनपुट टॅक्स क्रेडिटवर, म्हणजे आयटीसीवर, तिचा परिणाम आपोआप होत नाही. तो पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेने होतो. हे लक्षात ठेवून काम केले तर पुढचे बहुतेक घोटाळे टळतात. एक उदाहरण आकड्यांसह शेवटपर्यंत नेऊ.

भोसरीत पंपाचे भाग बनवणारे एक वर्कशॉप आहे असे धरू. त्याने कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीकडून पंप बॉडीची ४०० कास्टिंग घेतली. दर नगाला ४५० रुपये, म्हणजे मालाची किंमत १,८०,०००. दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के, प्रत्येकी १६,२००. बिल २,१२,४०० रुपयांचे, तारीख ६ फेब्रुवारी २०२६. माल ९ फेब्रुवारीला आला, वरवरच्या तपासणीत पास झाला आणि जीआरएन झाली. फेब्रुवारीच्या विवरणात ३२,४०० रुपयांची आयटीसी घेतली. मार्चमध्ये कास्टिंग लेथवर चढली आणि दुसऱ्याच कटनंतर काही नगांमध्ये ब्लोहोल दिसू लागले. २० मार्चपर्यंत ४० नग बाजूला पडले.

परत करण्याचा हक्क आधी तपासा

इथे बरेच जण थेट डेबिट नोटेकडे वळतात. त्याआधी पर्चेस ऑर्डर काढून बघा. माल विक्री कायदा, १९३०, याच्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने ताब्यात आलेल्या मालाबाबत विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो माल स्वीकारला असे धरले जाते. कास्टिंगवर मशीनिंग करणे हे तसे कृत्य आहे असा मुद्दा फाउंड्रीवाला मांडू शकतो. पण कास्टिंगमधला आतला दोष कट घेतल्याशिवाय दिसत नाही, हे या धंद्यात दोघांनाही ठाऊक असते. म्हणून पर्चेस ऑर्डरमध्ये स्पष्ट वाक्य हवे: ‘मशीनिंगदरम्यान उघड होणारे ब्लोहोल, क्रॅक, वाळूचे दोष यांसाठी माल मिळाल्यापासून अमुक दिवसांपर्यंत नग नाकारता येतील, मशीनिंग झालेले नगही परत घेतले जातील.’ हे वाक्य नसेल तर तुमची डेबिट नोट समोरच्याच्या भलेपणावर उभी असते.

दुसरी गोष्ट लेखी कळवण्याची. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, आणि बहुतेक छोट्या फाउंड्री असतात, तर एमएसएमईडी कायदा, २००६ लागू होतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस धरतात. १५ दिवसांत लेखी काहीच गेले नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजली जाते. लेखी करार असेल तर ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस.

आपल्या उदाहरणात १५ दिवस २४ फेब्रुवारीला संपले आणि दोष मार्चमध्ये दिसला. म्हणजे ४५ दिवस ९ फेब्रुवारीपासूनच मोजायचे. शेवटची तारीख २६ मार्च. याचा अर्थ नापास नगांचे पैसे द्यावेच लागतील असा नाही. पर्चेस ऑर्डरमध्ये वरचे वाक्य आहे असे धरू, म्हणून ४० नग नाकारता येतात. पण उरलेल्या ३६० नगांचे पैसे ‘आधी रिजेक्शनचा निकाल लागू दे’ म्हणून अडवून ठेवता येत नाहीत. अडवले तर व्याज लागते, आणि मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम आयकरात त्या वर्षाचा खर्च म्हणून मिळत नाही. मार्चअखेर हा फटका पुष्कळ छोट्या कारखान्यांना बसतो, आणि त्याचे मूळ स्टोअरमध्ये पडलेल्या चार पेट्या नापास मालात असते. म्हणून माझा आग्रह असा की कास्टिंगसारख्या मालाचे निदान काही नग पहिल्या १५ दिवसांतच मशीनवर चढवून बघावेत आणि दोष दिसला की त्याच दिवशी ईमेल करावा. फोन लेखी धरला जात नाही.

माल गेटबाहेर जाताना

२१ मार्चला वर्कशॉपने रिजेक्शन रिपोर्ट केला. त्यात मूळ बिलाचा नंबर, जीआरएनचा नंबर, नगांची संख्या, प्रत्येक दोषाचे नाव आणि फोटो होते. फोटोत नगावर खडूने केलेली गोल खूण आणि हीट नंबर दोन्ही दिसायला हवेत. हीट नंबर दिसला की फाउंड्रीवाला ‘हा आमचा नगच नव्हे’ असे म्हणू शकत नाही.

माल परत पाठवणे ही विक्री नव्हे, म्हणून नगांसोबत डिलिव्हरी चलान जाते. चलानावर मूळ बिलाचा संदर्भ, एचएसएन, नग आणि किंमत लिहा आणि ‘नापास माल परत, विक्रीसाठी नाही’ असे स्पष्ट नोंदवा. ई-वे बिलाची गरज किमतीवर ठरते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल फिरत असेल तर मर्यादा एक लाख रुपयांची. आपला परतीचा माल करासह २१,२४० रुपयांचा, त्यामुळे इथे ई-वे बिल लागत नाही. तीच फाउंड्री बेळगावची असती तर राज्याबाहेरची मर्यादा ५०,००० रुपयांची लागली असती आणि मूळ बिलावर आयजीएसटी असता. ई-वे बिल करायचेच झाले तर तुम्ही ते बाहेर जाणारा माल म्हणून ‘Others’ खाली करता, किंवा पुरवठादार आत येणारा माल म्हणून ‘Sales Return’ खाली करतो. दोघांपैकी एकानेच करायचे. कोणी करायचे ते टेम्पो भरण्याआधी फोनवर ठरवून घ्या.

चलानाच्या प्रतीवर फाउंड्रीच्या स्टोअरचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेम्पोवाल्याचे भाडे चुकते करू नका. उद्या पुरवठादार ‘३७ नगच पोचले’ म्हणाला, तर तो शिक्का सोडून तुमच्या हातात काही नसते.

डेबिट नोट कशी लिहायची

डेबिट नोटेत दर मूळ बिलाचाच हवा. मध्यंतरी दर वाढून ४६५ झाला असेल तरी परत जाणाऱ्या नगाला ४५०. मूळ बिलात टक्केवारीने सूट मिळाली असेल तर ती वजा करून उरलेला दर, आणि कराचा दरही तोच. आपल्या नोटेचा हिशेब असा: ४० नग गुणिले ४५०, म्हणजे १८,०००, सीजीएसटी १,६२०, एसजीएसटी १,६२०, एकूण २१,२४०. मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहिली नाही तर पुरवठादाराच्या अकाउंट्सवाल्याला ही नोट कशाशी जोडायची ते कळत नाही, आणि ती त्याच्या ट्रेमध्ये पडून राहते.

नापास नगांवर मशीनिंगला जो खर्च झाला, समजा नगाला ६० रुपये, म्हणजे २,४०० रुपये, तो याच नोटेत घालण्याचा मोह होतो. घालू नका. परत गेलेल्या मालाची किंमत आणि वाया गेलेल्या मेहनतीची भरपाई या दोन वेगळ्या रकमा आहेत. फाउंड्रीला १८,००० वरचा कर क्रेडिट नोटेने कमी करता येतो, कारण तो तिने बिलात लावला होता. २,४०० रुपयांवर तिने कधी कर लावलेलाच नाही. दोन्ही एकत्र करून २०,४०० वर १८ टक्के कर दाखवला, तर तुमची नोट आणि तिची क्रेडिट नोट कधीच जुळणार नाहीत. मशीनिंगची वेगळी नोट काढा आणि पुरवठादाराने ईमेलवर मान्यता दिल्यावरच ती रक्कम वळती करा.

नोंद करताना पुरवठादाराचे खाते २१,२४० ने नावे पडते आणि खरेदी परत खाते १८,००० ने जमा होते. उरलेले ३,२४० कुठे जमा करायचे हा खरा प्रश्न आहे. सर्रास पद्धत अशी की ते थेट इनपुट सीजीएसटी आणि इनपुट एसजीएसटी खात्यांत जमा करतात. त्यामुळे पुस्तकातली आयटीसी मार्चमध्येच कमी होते, पण पोर्टलवर ती क्रेडिट नोट येईपर्यंत तशीच राहते. मधल्या काळात दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि फरक कशाचा आहे ते शोधण्यात दिवस जातो.

म्हणून मी सुचवेन की ‘क्रेडिट नोट येणे – सीजीएसटी’ आणि ‘क्रेडिट नोट येणे – एसजीएसटी’ अशी दोन खाती उघडा आणि १,६२० व १,६२० तिथे जमा करा. पुरवठादाराची क्रेडिट नोट पोर्टलवर दिसली की त्या खात्यांतून रक्कम काढून इनपुटच्या खात्यांत न्या. या दोन खात्यांची शिल्लक कोणत्याही दिवशी तुम्हाला सांगते की किती कराच्या क्रेडिट नोटा अजून यायच्या आहेत आणि कोणाकडून. ३१ मार्चला ताळेबंदात ही शिल्लक देणे म्हणून दिसेल, आणि ते बरोबरच आहे. तो कर तुम्हाला आज ना उद्या सोडायचा आहे.

टॅलीप्राइममध्ये `Alt+F5` ने डेबिट नोट उघडते. तिथे बिलवार नोंदीत `Agst Ref` निवडून मूळ बिल जोडा. घाईत `On Account` दाबले तर पुरवठादाराची एकूण बाकी बरोबर दिसते, पण फेब्रुवारीचे बिल २,१२,४०० चेच उघडे राहते. पेमेंट करणारा ते बिल बघून पूर्ण रक्कम पाठवतो आणि परतीचे पैसे पुढे कधीतरी आठवण झाली तर मिळतात. योग्य जोडले तर त्या बिलाची बाकी १,९१,१६० दिसते. तेवढेच पैसे २६ मार्चच्या आत द्यायचे.

कर पोर्टलवर कसा आणि कधी कमी होतो

फाउंड्रीने माल तपासून ४ एप्रिलला क्रेडिट नोट काढली. आता ती तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये कधी दिसेल हे फाउंड्री विवरण कसे भरते यावर अवलंबून आहे. ती दरमहा जीएसटीआर-१ भरत असेल तर ११ मेपर्यंत भरेल आणि १४ मेच्या २बीमध्ये नोट दिसेल. पण वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांना तिमाही विवरणाची सोय आहे आणि बऱ्याच छोट्या फाउंड्री तिथेच असतात. त्यांना तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले आयएफएफमधून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. विक्रीची बिले ते चढवतात, कारण ग्राहक त्यासाठी फोन करून मागे लागलेले असतात. क्रेडिट नोटेसाठी कोणी मागे लागत नाही, म्हणून ती तिमाहीच्या विवरणात जाते. एप्रिलची नोट मग १३ जुलैच्या सुमारास चढते आणि १४ जुलैच्या २बीमध्ये दिसते. मार्चमधला परतीचा माल आणि जुलैमधला कर, एवढे अंतर नियमानेच पडू शकते. म्हणून डेबिट नोट पाठवतानाच ‘क्रेडिट नोट आयएफएफमध्ये घ्या’ अशी एक ओळ ईमेलमध्ये लिहायला हवी.

नोट २बीमध्ये येण्याआधी ती आयएमएसमध्ये, म्हणजे इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये दिसते. ही सोय पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून आहे. तिथे तुम्ही नोट स्वीकारू शकता किंवा नाकारू शकता, आणि काहीच केले नाही तर ती स्वीकारली असे धरले जाते. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. फाउंड्रीने चुकून ४० ऐवजी ४५ नगांची नोट काढली आणि तुम्ही आयएमएस उघडलेच नाही, तर तुमची ४०५ रुपयांची आयटीसी कोणाला न कळता जास्त कमी होते. चार-पाच पुरवठादारांच्या बाबतीत वर्षभर असेच होत राहिले तर ती रक्कम लहान राहत नाही.

नाकारण्याचे बटणही विचार न करता दाबू नका. क्रेडिट नोट नाकारली की पुरवठादाराच्या पुढच्या जीएसटीआर-३बीमध्ये तो कर पुन्हा देणे म्हणून चढतो. ४५ नगांची चूक आधी फोन करून सांगा, त्याला नोट दुरुस्त करू द्या. ऑक्टोबर २०२५ पासून क्रेडिट नोट एका कर-कालावधीपुरती प्रलंबित ठेवण्याचीही सोय झाली आहे. अशा वादासाठी ती वापरावी.

नोट स्वीकारली की २बीमध्ये ती क्रेडिट नोटांच्या भागात येते आणि ३बीच्या `4(A)(5)` या रकान्यातून वजा होऊनच निव्वळ आयटीसी भरली जाते. म्हणजे जूनच्या ३बीमध्ये, जी तुम्ही २० जुलैपर्यंत भराल, १,६२० आणि १,६२० आपोआप कमी झालेले असतील. वेगळे काही करायचे नाही.

आणि इथेच सर्वांत जास्त दिसणारी चूक होते. अकाउंट्सवाल्याने डेबिट नोट काढली त्या मार्च महिन्यातच सावधगिरी म्हणून `4(B)(2)` मध्ये ३,२४० ची आयटीसी परत केलेली असते. किंवा सॉफ्टवेअरने डेबिट नोटेतला कर स्वतःच त्या महिन्याच्या ३बीमध्ये ओढलेला असतो आणि ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. मग जुलैमध्ये क्रेडिट नोट `4(A)(5)` मधून पुन्हा वजा होते. एकाच ४० नगांची आयटीसी दोनदा गेली. ओळखायची खूण सोपी आहे: पुस्तकातली आयटीसी पोर्टलवरच्या शिल्लकेपेक्षा जास्त दिसते आणि फरक एखाद्या जुन्या डेबिट नोटेच्या कराइतकाच निघतो.

पुरवठादार दिरंगाईचा म्हणून माहीत असेल, किंवा वाद लांबणार असे दिसत असेल, तर आधीच आयटीसी परत करणे चूक नाही. फक्त मग पुढे क्रेडिट नोट येईल तेव्हा आयएमएसमध्ये ती स्वीकारताना किती आयटीसी कमी करायची आहे तो आकडा भरता येतो, तिथे ‘शून्य’ भरा. ही सोयही ऑक्टोबर २०२५ पासूनचीच. हाच मार्ग गेटवरच नाकारलेल्या मालाला लागू पडतो. समजा ४० नग उतरवतानाच परत पाठवले असते. मालाचा ताबा मिळाल्याशिवाय आयटीसी मिळत नाही, म्हणून तुम्ही पहिल्यापासून ३६० नगांचीच, २९,१६० रुपयांची आयटीसी घेतली असती. पण फाउंड्रीची क्रेडिट नोट तर निघणारच होती, कारण बिल ४०० नगांचे होते. त्या नोटेवर तुमच्याकडून कमी होण्यासारखे काही नाही, आकडा शून्य.

पुरवठादारालाही आता तुमच्या उत्तराची गरज असते. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम ३४ मध्ये बदल केला. नोंदणीकृत खरेदीदाराने घेतलेली आयटीसी परत केली नसेल, तर पुरवठादाराला त्या क्रेडिट नोटेचा कर कमी करून मिळत नाही. त्यामुळे आधीच आयटीसी परत केलेली असेल तर कोणत्या महिन्यात, किती, हे ईमेलवर कळवा. त्याच्या सीएला ते दाखवायला लागते.

‘बदली नग पाठवतो, नोट कशाला?’

फाउंड्रीवाले बहुधा असेच म्हणतात, “साहेब, पुढच्या गाडीत ४० नग जास्तीचे टाकतो, कागद वाढवू नका.” हा मार्ग बेकायदा नाही. नापास नगांच्या बदली तेवढेच चांगले नग, वेगळा पैसा न घेता, मूळ बिलाचा संदर्भ देऊन डिलिव्हरी चलानावर आले, तर देणेही तेच राहते आणि आयटीसीही तीच. गोंधळ होतो तो दोन्ही मार्ग एकत्र झाल्यावर. इकडे अकाउंट्सने डेबिट नोट काढून पैसे कापलेले असतात, तिकडे स्टोअरने चलानावर बदली नग उतरवून घेतलेले असतात. फाउंड्रीचे २१,२४० रुपये अडकतात आणि तीन महिन्यांनी बाकी जुळवताना भांडण होते. दुसऱ्या प्रकारात फाउंड्री बदली नगांचे नवे बिल करते पण जुन्याची क्रेडिट नोट काढत नाही. मग ४४० नगांचा कर पोर्टलवर आणि ४०० नगच शेडमध्ये.

म्हणून रिजेक्शन रिपोर्टच्या खालीच एक ओळ ठेवा: ‘बदली हवी’ किंवा ‘क्रेडिट नोट हवी’. खरेदी विभागाने एकावर टिक करून सही करायची. टिक बदलीवर असेल तर डेबिट नोट निघत नाही. बदली नग ठरलेल्या मुदतीत आले नाहीत तर टिक बदलून, नव्या तारखेने सही करून, डेबिट नोट काढायची. ही साधी ओळ स्टोअर आणि अकाउंट्स यांना एकाच निर्णयावर बांधून ठेवते.

क्रेडिट नोट आलीच नाही तर

दोन तारखा वहीत लिहून ठेवा. पहिली बिलापासून १८० दिवसांची. आपल्या उदाहरणात ५ ऑगस्ट २०२६. तोपर्यंत बिलाची किंमत आणि कर पुरवठादाराला दिला नसेल तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात आयटीसी व्याजासह परत करावी लागते. तुम्ही २१,२४० कापून घेतले, क्रेडिट नोट आली नाही आणि आयटीसीही परत केली नाही, तर कागदावर तुम्ही बिल अपुरे चुकवून पूर्ण आयटीसी ठेवली असे दिसते. ऑगस्टच्या आधी क्रेडिट नोट नाही आली, तर ३,२४० परत करा आणि नोट आल्यावर आयएमएसमध्ये शून्य भरा.

दुसरी तारीख ३० नोव्हेंबर. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा पुरवठादाराने त्या वर्षाचे वार्षिक विवरण आधीच भरले असेल तर त्या दिवसापर्यंतच, क्रेडिट नोटेने कर कमी करता येतो. फेब्रुवारी २०२६ चे बिल आर्थिक वर्ष २०२५-२६ मधले, म्हणून ३० नोव्हेंबर २०२६. हेच बिल एप्रिल २०२६ चे असते तर मुदत ३० नोव्हेंबर २०२७ झाली असती. जानेवारी ते मार्चमधल्या खरेदीची मुदत त्यामुळे सर्वांत तोकडी असते. दिवाळीच्या आधीच त्या तिमाहीतल्या प्रलंबित नोटांची यादी काढून पुरवठादारांना पाठवा.

मुदत गेली तर पुरवठादार कर कमी करू शकत नाही, आणि मग करासह २१,२४० कापणे त्याच्यावर अन्याय होतो. तो १८,००० परत द्यायला तयार होईल, ३,२४० ला नाही म्हणेल, आणि ते चूक नाही. अशा वेळी दुसरा मार्ग आहे. मुदत संपलेल्या औषधांच्या परतीबद्दल केंद्रीय मंडळाने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी परिपत्रक क्रमांक ७२ काढले, त्यात परतीचा माल नवा पुरवठा समजून खरेदीदाराने त्यावर स्वतः टॅक्स इन्व्हॉइस करण्याचा पर्याय सांगितला आहे. तुम्ही फाउंड्रीच्या नावे ४० नगांचे १८,००० अधिक ३,२४० असे बिल करता, ते तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये जाते, कर तुम्ही भरता आणि फाउंड्री तो आयटीसी म्हणून घेते. तुमची मूळ आयटीसी जागेवर राहते. उलाढालीत १८,००० जास्त दिसतात, तेवढी टीप ऑडिटसाठी लिहून ठेवा.

हा मार्ग धरायचा असेल तर नग अजून तुमच्याच शेडमध्ये असायला हवेत, म्हणजे बिल आणि माल एकत्र जातील. मार्चमध्ये चलानावर परत गेलेल्या नगांचे डिसेंबरमध्ये बिल केले, तर विचारणाऱ्या अधिकाऱ्याला त्या नऊ महिन्यांचा हिशेब द्यावा लागेल. तो द्यायची वेळ येऊ नये म्हणून नापास माल गेटबाहेर पडण्याआधीच पुरवठादाराकडून ईमेलवर एवढे लिहून घ्या: क्रेडिट नोट करासह देणार की नाही, आणि देणार तर कोणत्या महिन्याच्या विवरणात.